तिसऱ्या गुणाचा उंबरठा

सेमिस्टर संपत आलेलं असतं. पाचपैकी चार युनिट टेस्ट होऊन गेलेल्या असतात, त्यांचे गुण वर्गाच्या ग्रुपवर आलेले असतात आणि पाचवी टेस्ट आठवड्यावर असते. नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो: पाच टेस्टपैकी चांगल्या तीन धरायच्या, उरलेल्या दोन सोडून द्यायच्या. तरीही त्या आठवड्यात वर्गावर्गांतून एकच प्रश्न फिरत असतो. पाचवीत किती पडले तर इंटर्नल किती होईल? आणि त्याच्या पोटात दुसरा, हळू आवाजात विचारलेला प्रश्न असतो: पाचवी दिली नाही तर चालेल का?

या प्रश्नांची उत्तरं अंदाजाने दिली जातात आणि बहुतेक वेळा ती चुकतात. चांगले गुण असलेला विद्यार्थी पाचव्या टेस्टसाठी रात्र जागवतो आणि त्याच्या पदरात जेमतेम एक गुण पडतो. ज्याला त्या टेस्टमधून चार-पाच गुण मिळू शकले असते, तो 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसतो. हिशेब पाचवी-सहावीच्या गणिताचा आहे. तो एकदा नीट मांडला की हे दोन्ही टळतं.

चांगल्या टेस्ट निवडून घ्यायची पद्धत आपल्याकडे नवी नाही. केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, 2017-18 पासून दहावीसाठी तीन पिरिऑडिक टेस्टपैकी चांगल्या दोनांची सरासरी धरायला सांगितलं. महाराष्ट्रात 2010 साली दहावीच्या निकालासाठी 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, हे त्या वर्षीच्या पालकांना आठवत असेल. तिथे सहा विषयांतला सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून गळत होता. युनिट टेस्टच्या नियमात एकाच विषयाच्या दोन टेस्ट गळतात, आणि त्यांच्याबरोबर त्या टेस्टांतला अभ्यासक्रमही गळाल्यासारखा वाटतो. तसं वाटणं किती महागात पडतं, ते पुढे येईलच.

नियमाचे आकडे प्रत्येक कॉलेजात वेगळे असतात. स्वायत्त महाविद्यालयं आपापले नियम ठरवतात. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत अनेक वर्षं अंतर्गत 20 आणि सत्रान्त परीक्षेला 80 अशी वाटणी होती, पण तिथे अंतर्गत गुण दोन टेस्टच्या सरासरीवर ठरत. आपण हिशेबासाठी हीच 20 आणि 80 ची वाटणी घेऊ आणि तिला पाच टेस्टचा नियम जोडू. अभ्यासक्रमाची पाच युनिट, प्रत्येक युनिटवर 25 गुणांची एक टेस्ट. चांगल्या तीन टेस्टची बेरीज 75 पैकी, आणि ती 20 पैकी बदलून घ्यायची.

आता एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. तिला पहिल्या टेस्टमध्ये 11, दुसऱ्या टेस्टमध्ये 17, तिसऱ्या टेस्टमध्ये 14 आणि चौथ्या टेस्टमध्ये 9 गुण आहेत. चौघांतले चांगले तीन म्हणजे 17, 14 आणि 11. बेरीज 42. तिला 20 ने गुणून 75 ने भागलं की 11.2 येतात. पाचवी टेस्ट झालीच नाही तर तिचं इंटर्नल एवढं.

पाचव्या टेस्टमध्ये तिला 10 पडले तर? काहीच बदलत नाही, कारण 10 हे 11 पेक्षा कमी आहेत. 11 पडले तरी काही बदलत नाही. 12 पडले तर 11 बाहेर जातात, त्यांच्या जागी 12 येतात आणि बेरीज एकाने वाढून 43 होते. 20 पडले तर बेरीज 9 ने वाढते, 20 ने नाही. बहुतेकांची गफलत होते ती इथेच. पाचव्या टेस्टचे गुण जसेच्या तसे आधीच्या बेरजेत मिसळत नाहीत. आतापर्यंतचा तिसऱ्या क्रमांकाचा गुण हा उंबरठा असतो, आणि नवी टेस्ट त्याच्या जितकी वर जाईल तितकीच ती मोजली जाते. उंबरठ्याच्या खाली राहिलेली टेस्ट कोऱ्या पेपरइतकीच भरते.

उंबरठ्यावरचा प्रत्येक गुणही पुरता हाती लागत नाही. 75 चे 20 करताना टेस्टचा एक गुण इंटर्नलमध्ये सुमारे 0.27 उरतो. उलट्या बाजूने पाहिलं तर इंटर्नलचा एक गुण वाढवायला टेस्टमध्ये पावणेचार गुण जास्त लागतात. हा पावणेचारचा दर लक्षात असला की अर्धं गणित तोंडी होतं. आपल्या विद्यार्थिनीने पाचव्या टेस्टमध्ये 25 पैकी 25 मिळवले तरी उंबरठ्यावर 14 गुण, म्हणजे इंटर्नलमध्ये पावणेचार गुणांच्या थोडं आत. तिचं इंटर्नल 14.93 वर थांबतं. 'पाचवीत फोडला तर सतराच्या पुढे जाईन' हा विचार तिने टेस्टच्या आधीच सोडून द्यायला हवा, कारण तो कोणत्याही गुणांनी खरा होणार नाही.

मग तिने काय गाठायचं ठरवावं? त्यासाठी हिशेब उलटा फिरवायचा. जे इंटर्नल हवं त्याची 75 पैकी बेरीज काढायची आणि तीतून आतापर्यंतचे वरचे दोन गुण वजा करायचे. उरेल तेवढे पाचव्या टेस्टमध्ये हवेत. तिचे वरचे दोन 17 आणि 14, म्हणजे 31 हातात आहेत, ते आता कोणी काढून घेऊ शकत नाही. तिला इंटर्नल 12 हवं असेल तर 75 पैकी 45 लागतात. 45 मधून 31 गेले, उरले 14. पाचव्या टेस्टमध्ये 14 पडले की बरोबर 12.

इथे अपूर्णांकांचा प्रश्न येतो, आणि तो दिसतो त्याहून मोठा आहे. गुणपत्रिकेवर इंटर्नल पूर्ण अंकात जातं, त्यामुळे 11.2 चं काहीतरी करावंच लागतं. कॉलेज अर्ध्याच्या वरचा अपूर्णांक पुढच्या अंकात घेत असेल, तर 12 साठी 11.5 पुरेसे होतात. त्यासाठी बेरीज 44 हवी, म्हणजे पाचव्या टेस्टमध्ये 13. कॉलेज अपूर्णांक सरळ कापून टाकत असेल तर पुरे 45 हवेत, म्हणजे 14. आणि कोणताही अपूर्णांक विद्यार्थ्याच्या बाजूने पुढच्या अंकात नेण्याची रीत असेल, तर 11.2 चे आजच 12 झालेले आहेत, पाचव्या टेस्टशिवाय. तीच मुलगी, तेच चार गुण, आणि 'किती हवेत' याची तीन उत्तरं: काहीच नको, 13, किंवा 14. म्हणून माझं ठाम मत आहे की अपूर्णांक कसा धरणार हे कॉलेजने पहिल्या टेस्टच्या आधी लेखी सांगायला हवं. नियम नंतर कळला तर विद्यार्थ्याने केलेला सगळा हिशेब हवेत जातो.

अपूर्णांक केव्हा मिटवायचा, यानेही निकाल बदलतो. काही ठिकाणी प्रत्येक टेस्ट आधी 20 पैकी करून पूर्ण अंकात आणतात आणि मग सरासरी काढतात. समजा कोणाच्या चांगल्या तीन टेस्ट 18, 13 आणि 13 च्या आहेत. बेरीज 44, थेट बदलली तर 11.73, म्हणजे 12. पण प्रत्येक टेस्ट आधी 20 पैकी केली तर 14.4, 10.4 आणि 10.4 होतात. त्यांचे 14, 10 आणि 10 झाले, सरासरी 11.33 आली आणि हातात 11 पडले. एक गुण वाटेत सांडला. कष्ट तेच आणि पेपरही तेच, फक्त अपूर्णांक शेवटी एकदा मिटवण्याऐवजी तीनदा मिटवला गेला. शेवटी एकदाच मिटवणं हेच रास्त आहे. आपल्या हिशेबात आणि कॉलेजच्या यादीत एका गुणाचा फरक आला, तर पहिला संशय इथे घ्यावा.

दुसरा संशय घ्यावा तो टेस्टच्या एकूण गुणांवर. सगळ्या टेस्ट 25 च्या असतील तर प्रश्न नाही. पण एखादी टेस्ट 30 ची आणि एखादी 20 ची घेतली जाते. 30 पैकी 18 आणि 20 पैकी 14 यांत आकडा म्हणून 18 मोठा दिसतो. प्रत्यक्षात 25 च्या मापात पहिले 15 आणि दुसरे साडेसतरा होतात. निवड करण्याआधी सगळ्या टेस्ट एका मापात आणल्या नाहीत, तर चांगली टेस्ट बाहेर जाऊन कमकुवत टेस्ट आत बसते, आणि यादीकडे नुसतं पाहून ते ओळखू येत नाही.

आता दोन टेस्ट बाकी असतानाचा प्रसंग पाहू, कारण खरा निर्णय तेव्हाच घ्यायचा असतो. त्याच विद्यार्थिनीच्या तीन टेस्ट झाल्या आहेत, 11, 17 आणि 14, आणि चौथी-पाचवी व्हायच्या आहेत, असं धरा. चौथ्या टेस्टमध्ये तिला 16 मिळाले. 11 बाहेर गेले, बेरीज 42 वरून 47 झाली, पाच गुणांची वाढ. पण त्याबरोबर उंबरठाही हलला. आता तिचा तिसरा गुण 14 आहे, आणि पाचव्या टेस्टने 14 ओलांडले तरच ती मोजली जाईल. पाचव्या टेस्टमध्ये 20 मिळाले तर 14 बाहेर, बेरीज 53, आणखी सहा गुणांची वाढ. प्रत्येक चांगली टेस्ट पुढच्या टेस्टसमोरचा उंबरठा उंच करून ठेवते.

हेच गुण उलट क्रमाने पडले असते तर? चौथ्या टेस्टमध्ये 20 पडल्यावर बेरीज एकदम 51 वर गेली असती, नऊ गुणांची वाढ. मग पाचव्या टेस्टच्या 16 नी बेरीज फक्त दोनने वाढली असती. शेवटी 53 ते 53. एकूण बेरजेला क्रमाची पर्वा नसते, पण 'या टेस्टने मला किती दिलं' या प्रश्नाचं उत्तर क्रमावर ठरतं. घरी हा हिशेब सांगताना मुलांना फार त्रास होतो. '16 मिळाले आणि दोनच गुण वाढले?' असं वडील विचारतात, तेव्हा मुलाने काही चूक केलेली नसते. आधीच्या 20 नी उंबरठा वर नेलेला असतो, एवढंच.

मला या नियमात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की एकच पाचवी टेस्ट वर्गातल्या वेगवेगळ्या मुलांसाठी वेगवेगळ्या किमतीची असते. चार टेस्टमध्ये 24, 23, 22 आणि 20 मिळवलेल्या मुलाचा उंबरठा 22 आहे. त्याने पाचव्या टेस्टमध्ये पैकीच्या पैकी मिळवले तरी बेरीज 69 ची 72 होईल आणि इंटर्नल 18.4 वरून 19.2 वर जाईल. याउलट 9, 8, 7 आणि 6 मिळवलेल्या मुलाचा उंबरठा 7 आहे. त्याला उंबरठ्यावर 18 गुणांची जागा मोकळी आहे, म्हणजे इंटर्नलमध्ये 4.8 पर्यंत. आणि त्याला ते हवेच आहेत. आज त्याची बेरीज 24, इंटर्नल 6.4. अंतर्गत गुणांत वेगळं पास व्हायची अट असेल आणि ती 20 पैकी 8 ची असेल, तर 75 पैकी 30 लागतात. वरचे दोन 9 आणि 8, मिळून 17. पाचव्या टेस्टमध्ये 13 मिळाले की तो सुटतो.

13 हा आकडा त्याला कोणी सांगितलेला नसतो. त्याला चार लाल आकडे दिसतात आणि 'माझं इंटर्नल गेलं' एवढंच कळतं. एका युनिटचा आठवडाभर अभ्यास करून 25 पैकी 13 मिळवणं ही त्याच्या आवाक्यातली गोष्ट आहे. त्याला समोर बसवून 'तुला 13 हवेत, 20 नकोत' असं सांगणारं कोणीतरी हवं. शिक्षकांनी चौथ्या टेस्टनंतर गुणांच्या यादीत फक्त एक रकाना वाढवावा, 'पास होण्यासाठी पाचव्या टेस्टमध्ये लागणारे गुण'. त्यातून केटी वाचणारी मुलं कोणत्याही वर्गात निघतील.

हा रकाना तयार करायला वेळ लागत नाही. एक्सेलमध्ये चार टेस्टचे गुण B ते E या रकान्यांत असतील, तर वरचे दोन गुण 30 मधून वजा करायचे:

```
=30-LARGE(B2:E2,1)-LARGE(B2:E2,2)
```

पाचही टेस्ट झाल्यावर इंटर्नल काढायचं सूत्र असं:

```
=(LARGE(F2:B2,1)+LARGE(F2:B2,2)+LARGE(F2:B2,3))*20/75
```

पहिल्या सूत्राचं उत्तर 25 च्या वर गेलं तर एका टेस्टने ते इंटर्नल गाठणं अशक्य आहे असं समजायचं, आणि मग फेरटेस्ट किंवा असाइनमेंटची वाट आहे का ते पाहायचं. उत्तर आजच्या तिसऱ्या गुणाएवढं किंवा त्याहून कमी आलं तर तो विद्यार्थी आधीच पास आहे. दुसऱ्या सूत्रात एक खोच आहे. गैरहजर विद्यार्थ्यापुढे गुणांऐवजी AB लिहिलं तर एक्सेल तो रकाना मोजतच नाही. दोन वेळा AB असेल तर तीन गुण उरतात आणि उत्तर ठीक येतं. तीन वेळा AB असेल तर तिसरा गुण सापडत नाही आणि रकान्यात #NUM! उमटतं. तिथे AB च्या जागी 0 लिहिला की हिशेब सरळ होतो.

गैरहजेरी आणि शून्य यांत बेरजेपुरता फरक नाही, दोन्ही गळतात. नियम मुळात केला तो त्यासाठीच. ताप आला, एसटी चुकली, घरात कोणी दवाखान्यात असलं, तर एका-दोन टेस्टसाठी मुलाचं नुकसान होऊ नये. हा हेतू मला पूर्ण मान्य आहे. पण हा नियम आजारपण आणि आळस यांत भेद करू शकत नाही, आणि नियमित अभ्यास करणाऱ्याला तो काहीही देत नाही. पाचही टेस्टमध्ये 14 मिळवणाऱ्याची पाच टेस्टची सरासरी 14, चांगल्या तिनांची सरासरीही 14. दुसऱ्याला 20, 19, 17, 6 आणि 5 मिळाले. त्याची पाच टेस्टची सरासरी 13.4, पहिल्यापेक्षा कमी. पण चांगल्या तिनांची बेरीज 56, इंटर्नल 14.93, तर पहिल्याचं 11.2. नियमाने दोघांचा क्रम उलटवला. ज्याचे गुण वरखाली फार होतात त्याला या नियमाचा फायदा जास्त, हे गणितातच आहे. इंटर्नल पाहून कोणाला हुशार ठरवण्याआधी हे ध्यानात असावं.

आणि त्या 6 आणि 5 गुणांच्या दोन युनिटचं काय? इंटर्नलमधून ती गळाली. सत्रान्त परीक्षेच्या 80 गुणांतून ती गळत नाहीत. पेपर पाचही युनिटवर सारखा वाटलेला असेल तर प्रत्येक युनिटचे 16 गुण होतात, दोन युनिटचे 32. प्रश्नपत्रिकेत पर्याय असतात म्हणून यातले काही वाचतील, पण प्रत्येक युनिटवर सक्तीचा प्रश्न असेल तिथे तेही वाचणार नाहीत.

आपल्या विद्यार्थिनीकडे याच दृष्टीने पाहायला हवं. पाचव्या टेस्टमधून तिला जास्तीत जास्त पावणेचारच्या आसपास गुण मिळू शकतात, आणि ते पैकीच्या पैकी मिळाले तरच. 18 मिळाले तर बेरीज 49 होईल आणि इंटर्नल 13.07, म्हणजे आजच्यापेक्षा दोन गुण जास्त. पाचव्या युनिटचा अभ्यास सत्रान्त परीक्षेसाठीही लागणारच आहे, म्हणून तो वाया जाणारा नाही. पण 18 चे 22 करण्यासाठी आणखी चार दिवस घालवले तर इंटर्नलमध्ये एक गुण वाढेल. तेच चार दिवस तिने चौथ्या युनिटला द्यावेत, ज्यात तिला 9 मिळाले आणि जी टेस्ट आता कुठेच मोजली जाणार नाही. त्या युनिटचे 16 गुण सत्रान्त पेपरात अजून शाबूत आहेत, आणि तिची तपासलेली उत्तरपत्रिका कुठे चुकलं ते प्रश्नागणिक सांगते. ती सरांकडून मागून घ्यावी आणि चौथ्या युनिटचा अभ्यास तिथून सुरू करावा.